बायोमेट्रिक लॉगमधले जुळे पंच: नुसतं सॉर्ट करून प्रॉक्सी सापडत नाही

> "बायोमेट्रिकचा लॉग एक्सेलमध्ये घ्या, वेळेनुसार सॉर्ट करा. ज्या दोघांचा पंच एकाच वेळेला पडलाय ते एकमेकांची हजेरी लावतात. रोज ठरावीक मिनिटाला पडणारा पंचही बनावट. बोट लावून पडलेला पंच मात्र शंभर टक्के खरा. पाच मिनिटांत सगळे सापडतात."

एकच वेळ म्हणजे नेमकी कोणती? हजेरीचे बहुतेक छापील रिपोर्ट तास आणि मिनिट एवढंच दाखवतात, सेकंद कापून टाकतात. एका मशीनवर १२० माणसं सकाळी पंधरा मिनिटांत पंच करत असतील, तर दर मिनिटाला सरासरी आठ जण येतात. त्या रिपोर्टवर सॉर्ट मारलात तर अख्खी शिफ्ट संशयित ठरेल. म्हणून सेकंदांसकट कच्चा लॉग घ्यायचा, आणि तोही सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमधून न घेता थेट मशीनमधून उतरवलेला.

कच्च्या लॉगमध्ये गंमत उलटी होते. बोट ठेवलं, जुळलं, नाव दिसलं, आवाज आला, बोट उचललं, पुढच्याने ठेवलं, याला घाईतही दोन-तीन सेकंद जातात. दुसऱ्याचा आयडी आणि पासवर्ड दाबायचा असेल तर आणखी. त्यामुळे एकाच मशीनवर, एकाच सेकंदाला, दोन वेगळ्या आयडींचे पंच दिसले तर आधी माणसावर नाही, डेटावर संशय घ्या. असा लॉग बहुधा थेट मशीनमधून न येता सॉफ्टवेअरमधून आलेला असतो, आणि कारणं साधारण तीन असतात. नेटवर्क गेलेलं असताना मशीनने पंच साठवून ठेवले आणि सॉफ्टवेअरने पंचाच्या वेळेऐवजी ते सर्व्हरला पोचल्याची वेळ नोंदवली. अशा वेळी दोन नाही, वीस-तीस जण एकाच सेकंदावर सापडतात. किंवा कुणीतरी ऑफिसात बसून हाताने नोंदी भरल्या. तिथे सेकंद जवळजवळ नेहमी 00 असतात. किंवा दोन मशीनचे लॉग एकत्र केलेत आणि मशीनचा रकाना गाळलाय. दोन दरवाज्यांवर दोन माणसं एकाच सेकंदाला पंच करू शकतात, त्यात काहीच विशेष नाही.

खऱ्या प्रॉक्सीची खूण जुळी वेळ नसते. ती असते चार ते दहा सेकंदांची फट, आणि ती त्याच दोघांमध्ये पुन्हा पुन्हा पडते.

पण शेजारी-शेजारी पडलेले पंच तरी पुरावा आहेत का? एकटे नाहीत, आणि इथेच सगळ्यात जास्त निरपराध माणसं भरडली जातात. वरचंच उदाहरण घेऊ: १२० माणसं, एक मशीन, महिन्याचे २२ दिवस. सगळे अगदी स्वैर क्रमाने आले असं धरलं, तर ठरावीक दोघे एखाद्या दिवशी रांगेत लागोपाठ येण्याची शक्यता २ भागिले १२०, म्हणजे साठात एक. महिन्याभरात अशी जोडी सरासरी ०.३७ वेळा लागोपाठ येईल. आकडा चिमुकला वाटतो, पण जोड्या किती आहेत? ७,१४०. हिशेब केला तर निव्वळ योगायोगाने महिन्यात तीन किंवा जास्त वेळा लागोपाठ येणाऱ्या जोड्या ४० च्या आसपास निघतात. चार किंवा जास्त वेळा येणाऱ्या तीनेक. पाच किंवा जास्तवाली जोडी पाचेक महिन्यांत एखादी. सहाच्या पुढे मात्र योगायोग जवळपास संपतो.

म्हणजे "तीनदा एकत्र दिसले" म्हणून नोटीस काढणारा एचआर महिन्याला ४० जोड्यांना उगाच बोलावणार. शिवाय माणसं स्वैर क्रमाने येत नाहीत. एकाच बसने, एकाच गाडीने येतात, एकत्र चहा पिऊन आत शिरतात. सहाची पायरी ओलांडलेली जोडी म्हणजे फक्त पुढे तपासायची जोडी.

ती यादी काढायला एक्सेल पुरतं. रकाने असे ठेवा: A मशीन, B आयडी, C वेळ, D पंचाची पद्धत. प्रत्येकाचा दिवसातला पहिला पंच तेवढा ठेवा, आधी मशीनने आणि मग वेळेने सॉर्ट करा, आणि तिसऱ्या ओळीपासून ही दोन सूत्रं खाली ओढा:

```
E3: =IF(AND(A3=A2,INT(C3)=INT(C2)),ROUND((C3-C2)*86400,0),"")
F3: =IF(E3="","",MIN(B2,B3)&"-"&MAX(B2,B3))
```

E मध्ये सेकंदांची फट येते, F मध्ये जोडी. E मध्ये १० पर्यंतचा आकडा असलेल्या ओळी तेवढ्या ठेवा आणि F वर पिव्होट लावून मोजा. C रकाना मजकूर म्हणून आला असेल तर सॉर्ट चुकू शकतो आणि सूत्रही चूक दाखवू शकतं. आधी तो तारीख-वेळ म्हणून बदलून घ्या. आयडीही आकडे म्हणूनच हवेत, मजकूर असतील तर MIN आणि MAX शून्य देतात.

यादी हातात आल्यावर खरं काम सुरू होतं. समजा दोन जोड्या वर आल्या. १०१५ आणि १०३१ हे २२ पैकी १३ दिवस लागोपाठ, फट तीन ते नऊ सेकंद. १०४२ आणि १०७७ हे १५ दिवस लागोपाठ, फट पाच ते आठ सेकंद. वरवर दोन्ही सारख्याच. आता चार गोष्टी बघा.

क्रम: पहिल्या जोडीत सात दिवस १०१५ पुढे, सहा दिवस १०३१ पुढे. दुसरीत पंधराही दिवस आधी १०४२ आणि मग १०७७. स्वतःची हजेरी आधी लावून मग दुसऱ्याची लावायची, ही हाताची सवय क्वचितच बदलते.

पद्धत: पहिल्या जोडीचे सगळे पंच बोटाचे. दुसरीत १०४२ नेहमी बोटाने. १०७७ त्या पंधरा दिवशी पासवर्डने, पण संध्याकाळी जाताना बोटाने. ज्याचं बोट संध्याकाळी चालतं त्याचं सकाळीच का चालत नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पद्धतीच्या रकान्यात बोट, पासवर्ड आणि कार्डासाठी वेगवेगळे आकडे असतात आणि ते मॉडेलनुसार बदलतात. इंटरनेटवरच्या तक्त्यावर भिस्त ठेवू नका. स्वतः तिन्ही प्रकारे एकेक पंच करा आणि लॉगमध्ये कोणता आकडा पडला ते पाहा.

संध्याकाळ: १०१५ आणि १०३१ जातानाही बहुतेक लागोपाठ. एकत्र येणारे एकत्र जातात. दुसऱ्या जोडीच्या जाण्याच्या वेळांचा एकमेकांशी संबंधच नाही.

आणि सगळ्यात बोलकी गोष्ट, रजा. १०१५ रजेवर असताना १०३१ वेळेवर हजर. १०४२ तीन दिवस रजेवर होता. त्यातल्या दोन दिवशी १०७७ चा सकाळचा पंचच नाही आणि मागाहून "पंच करायला विसरलो" म्हणून नोंद नियमित करून घेतलेली. तिसऱ्या दिवशी तो १०:१२ ला, बोटाने. लॉगमधून मिळणाऱ्या खुणांमध्ये याच्याइतकी भक्कम दुसरी नाही. म्हणूनच नियमित करण्याच्या अर्जांची यादी लॉगशेजारी ठेवल्याशिवाय तपासाला बसू नये.

पासवर्डचा पंच स्वतःहून गुन्हा ठरत नाही, हेही इथेच सांगायला हवं. सिमेंट, रसायनं, सततचं पाणी यांत काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि त्यांना पासवर्डची मुभा द्यावीच लागते. अशा माणसाचा संध्याकाळचा पंचही पासवर्डचाच असतो.

रोज ठरावीक मिनिटाला येणाऱ्यांचं काय? शिफ्ट नऊची असेल तर ८:५५ ते ९:०० मध्ये गर्दी होणारच. रोज एकाच बसने येणारा माणूस महिनाभर दोन मिनिटांच्या आत पंच करू शकतो. उलट प्रॉक्सीवाल्याची वेळ ठरावीक नसतेच, ती उसनी असते. १०४२ ज्या दिवशी बारा मिनिटं उशिरा, त्या दिवशी १०७७ ही बारा मिनिटं उशिरा.

नियमितपणातून काही पकडायचंच असेल तर सॉफ्टवेअरमधल्या नोंदींचे मिनिटांऐवजी सेकंद बघा. खऱ्या पंचात सेकंद 00 असण्याची शक्यता साठात एक. १२० माणसं आणि २२ दिवस, म्हणजे सकाळचे २,६४० पंच. त्यात 00 वाले ४४ च्या आसपास हवेत. तीनशे निघाले तर कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये बसून नोंदी भरतंय, आणि तो तपास वेगळ्या माणसाचा आहे.

राहिला बोटाचा पंच. मशीन फक्त एवढंच सांगतं की ठेवलेलं बोट या आयडीखाली साठवलेल्या ठशाशी जुळलं. तो ठसा साठवताना बोट कुणाचं होतं, ते मशीनला माहीत नाही. सगळ्यात सोपी युक्ती अशी: उजवा अंगठा स्वतःच्या आयडीवर, डावा अंगठा मित्राच्या आयडीवर. एकच बोट दोन आयडींवर नोंदवायला गेलं तर अनेक मशीन अडवतात, पण दोन अंगठ्यांचे ठसे वेगळे असल्यामुळे इथे अडवण्यासारखं काही उरतच नाही. नकली बोटंही निघतात. २००२ साली जपानमध्ये त्सुतोमु मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी जिलेटिनच्या बोटांनी बाजारातले सेन्सर फसवून दाखवले होते, आणि २०१३ साली ब्राझीलमध्ये साओ पाउलोजवळ एक डॉक्टर सिलिकॉनच्या बोटांनी सहकाऱ्यांची हजेरी लावताना पकडली गेली.

तेव्हा क्रम, संध्याकाळ आणि रजा या तिन्ही खुणा जुळत असतील पण पद्धत "बोट" दिसत असेल, तर त्या आयडीखाली किती बोटं नोंदवली आहेत ते बघा. मग त्या माणसाला समोर बसवून एकेक नोंदलेलं बोट तपासा. त्याच्या नावावर दोन बोटं आहेत आणि त्याच्या दहांपैकी कुठलंच दुसऱ्या ठशाशी जुळत नाही, तर प्रश्न मिटला. हे होईपर्यंत ठसे पुसू नका, आधी बॅकअप घ्या. "सगळ्यांची पुन्हा नोंदणी करू" या उत्साहात नेमका पुरावाच पुसला जातो.

पाच मिनिटांचं म्हणाल तर यादी तेवढ्यात निघते, आरोप निघत नाही. शेवटी कॅमेऱ्याचं चित्र किंवा मशीनने पंचावेळी काढलेला फोटो लागतोच, आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग डिस्क भरली की जुन्यावर नवं लिहिलं जातं. म्हणून जोडी संशयित ठरली की त्याच दिवशी तेवढे तुकडे बाजूला काढून ठेवा. कॅमेऱ्याचं आणि हजेरी मशीनचं घड्याळ सहसा जुळत नाही. कॅमेऱ्यासमोर स्वतः एक पंच करा, दोन्हींमधला फरक सेकंदांत लिहून ठेवा आणि मगच ८:५६:११ चा माणूस चित्रात शोधा. दीड मिनिटाचा फरक असला तर त्या सेकंदाला मशीनसमोर भलताच कुणीतरी उभा दिसेल.