न वाचता आलेल्या सहीलाही यादीत एक ओळ हवी

सह्यांच्या निवेदनाची यादी टाइप करायला बसलेला माणूस कुठे अडतो, हे त्याने केलेली यादी पाहिली की लगेच कळतं. पहिली दहा-बारा नावं झकास उतरलेली असतात. मग कुठे "???" दिसतं, कुठे "---", कुठे "सही अस्पष्ट", कुठे नुसतंच "वाचता येत नाही". आणि मध्येच एखादा रकाना कोरा. या सगळ्या खुणांचा अर्थ एकच आहे की पाच वेगळे, हे महिन्याभराने खुद्द टाइप करणाऱ्यालाही सांगता येत नाही. हा बारीकसारीक नीटनेटकेपणाचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. निवेदनावर किती माणसांनी सह्या केल्या, या साध्या प्रश्नाचं उत्तर त्यावर ठरतं.

सगळ्यात वाईट खूण म्हणजे कोरा रकाना. कोरं म्हणजे मूळ पानावर ती ओळ रिकामी होती? की सही होती पण वाचता आली नाही? की नंतर बघू म्हणून राहून गेली? तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच रिकाम्या जागेत जाऊन बसतात. त्यातून यादी आडनावांप्रमाणे लावली की कोरे रकाने तळाला जातात आणि कुणीतरी ते "फालतू ओळी" म्हणून पुसून टाकतं. सही केलेला माणूस यादीतून गेला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून माझा आग्रह असा की आधी मोजायचं, मग वाचायचं. हे उलट वाटेल, पण गजबजलेल्या पानावर दोन्ही कामं एकदम केली की न वाचता येणाऱ्या सह्यांवरून नजर नकळत घसरते. पानाची झेरॉक्स किंवा फोटोची प्रत घ्यावी (मूळ कागदावर पेन्सिलचा ठिपकासुद्धा नको) आणि नाव वाचायचा अजिबात प्रयत्न न करता प्रत्येक सहीशेजारी क्रमांक टाकत जावं. वरून खाली, मग समास, मग तळ. क्रमांकात पानही यावं: बाराव्या पानावरची एकतिसावी सही म्हणजे १२-०३१. पुढचं शून्य शोभेसाठी नाही. ते नसेल तर संगणक ३१ च्या आधी १००, १०१ लावून मोकळा होतो. हा क्रमांक म्हणजे त्या सहीचं पानावरचं घर. यादी नंतर कशीही फिरवली तरी त्यावरून मूळ जागी परत जाता येतं.

एक पान घेऊन बघू. पानावर तीस आखीव ओळी आहेत. एक ओळ कोरी आहे, आणि एका जोरकस सहीने दोन ओळी व्यापल्या आहेत, म्हणजे ओळींवर सह्या झाल्या अठ्ठावीस. जागा संपल्यावर लोकांनी दोन ओळींच्या मधल्या फटीत नऊ सह्या घुसवल्या, उजव्या समासात उभ्या सात केल्या आणि तळाला तीन. एकूण सत्तेचाळीस. पण पानाच्या शेवटी गोळा करणाऱ्याने लिहिलंय "एकूण ४८". असा एकाचा फरक आला की घाबरून कुठेतरी एक जास्तीची ओळ घालू नये. तो कुठून आला ते शोधावं. इथे ती दोन ओळींवर पसरलेली सही त्याने दोनदा मोजली आहे. फराट्याची शाई, जोर आणि वळण सलग असेल तर सही एकच, मधून छापील रेघ जात असली तरी.

आता वाचन. दाट पानावर अक्षर खराब असण्यापेक्षा अक्षरांची सरमिसळ जास्त त्रास देते. वरच्या सहीचा उकार खाली लोंबतो आणि खालच्या सहीची मात्रा होऊन बसतो, आणि "सुरश"चा "सुरेश" होतो. खालच्याची वेलांटी वर चढते आणि वरच्या अक्षराला नसलेला उकार मिळतो. त्यात सही करताना बहुतेक लोक शिरोरेघ देत नाहीत. शिरोरेघ गेली की भ आणि म, घ आणि ध यांच्यात फरक करायला फार थोडं उरतं. "रव" आणि "ख" तर विचारूच नका. अशा ठिकाणी फोटो मोठा करून बघावं: रेघ कोणत्या शाईची आहे, कोणत्या बाजूने आली आहे, दुसऱ्या रेघेला छेदते तिथे वरून गेली आहे की खालून. पुष्कळदा यानेच निकाल लागतो.

नाही लागला तर? तर एकच खूण, चौकटी कंसात: [अवाचनीय]. अख्खी सही वाचता येत नसेल तर रकान्यात फक्त तेवढंच. एखादा भाग वाचता येत असेल तर वाचलेलं जसंच्या तसं आणि न वाचलेल्या जागी तीच खूण: "[अवाचनीय] कुलकर्णी", "शां[अवाचनीय] जोशी". वाचलं आहे पण खात्री नाही, ही निराळी गोष्ट. तिथे शब्दाला चिकटून [?]: "मधुकर[?] भोसले". वाचता न येणं आणि वाचूनही शंका असणं या दोन गोष्टींची गल्लत होऊ द्यायची नाही, बाकी खुणांचा संसार वाढवायचा नाही.

प्राचीन हस्तलिखितं आणि शिलालेख वाचणाऱ्या अभ्यासकांनी १९३१ साली नेदरलंड्समधल्या लायडन इथे जमून अशा खुणांची पद्धत ठरवली. तिथे शंकास्पद अक्षराखाली ठिपका देतात, आणि नुसतीच खूण उरली आहे पण अक्षर ओळखता येत नाही, तिथे अक्षरागणिक एक ठिपका. ग्रीक-लॅटिनसाठी ही सोय उत्तम आहे. देवनागरीत अक्षराखालचा ठिपका म्हणजे नुक्ता, तो दिला की अक्षरच बदलतं, र चा ऱ होतो. ती पद्धत आपल्याकडे उचलून आणण्यात अर्थ नाही. आणि अक्षरागणिक ठिपके तर सह्यांच्या बाबतीत सरळ खोटेपणा आहे. सहीच्या फराट्यात किती अक्षरं आहेत हेच कळत नसताना चार ठिपके दिले की वाचणाऱ्याला वाटतं, चार अक्षरी नाव होतं.

"अवाचनीय" या खुणेत एक आपला खास मराठी खड्डा आहे. कुणी "अवाचनिय" लिहितं, ऱ्हस्व. कुणी कंस गोल घालतं. कुणी कंसाच्या आत एक स्पेस सोडतं. डोळ्याला सगळं सारखंच दिसतं, संगणकाला प्रत्येक वेगळं. म्हणून ही खूण हाताने टाइप करूच नये, एकदा लिहून ठेवून प्रत्येक वेळी कॉपी-पेस्ट करावी. मग शेवटची मोजणी दोन ओळींत होते. नावं एक्सेलच्या C रकान्यात असतील तर:

```
=COUNTIF(C:C,"[अवाचनीय]")
=COUNTIF(C:C,"*[अवाचनीय]*")
```

पहिली ओळ पूर्ण न वाचलेल्या सह्या मोजते, दुसरी पूर्ण आणि अर्धवट दोन्ही. आपल्या पानावर पहिलीचं उत्तर आलं ३, दुसरीचं ७. शंकेच्या खुणा मोजताना मात्र सावध राहावं. एक्सेलला प्रश्नचिन्ह म्हणजे "कोणतंही एक अक्षर", त्यामुळे त्याच्या आधी ~ लावावं लागतं:

```
=COUNTIF(C:C,"*[~?]*")
```

याचं उत्तर ५. व्यवस्थित वाचलेली ३४, शंकेची ५, अर्धवट ४, पूर्ण अवाचनीय ३, आणि एकाने सही करून पुन्हा खोडलेली १. बेरीज ४७, म्हणजे आधी न वाचता टाकलेल्या क्रमांकांइतकीच. ही बेरीज जुळल्याशिवाय पुढचं पान उघडू नये. खोडलेल्या सहीत नाव स्पष्ट दिसत असेल तर ते लिहावं आणि शेऱ्यात "खोडलेली" म्हणावं. ती अवाचनीय नाही. त्या माणसाने सही मागे घेतली आहे, आणि एकूण पाठिंब्याच्या आकड्यात ती धरायची नाही: या पानावर ४६.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. "अहो, वर चार पवार सलग आहेत, पाचवी सही त्याच शाईत आहे, तीही पवारच असणार. मग अवाचनीय कशाला?" असेलही. एकाच घरातली माणसं पाठोपाठ सह्या करतात, हे खरंच आहे. पण तेव्हा तुम्ही सही वाचलेली नसते, शेजार वाचलेला असतो. माझी कसोटी अशी: वरच्या-खालच्या सह्या कोऱ्या कागदाने झाका आणि पुन्हा वाचा. "पवार" दिसलं तर लिहा. नाही दिसलं तर नावाच्या रकान्यात [अवाचनीय] आणि शेजारच्या "अंदाज" रकान्यात "पवार, वरच्या चार सह्यांवरून". अंदाज वाया जात नाही, फक्त तो वाचनाच्या जागी बसत नाही. दुसरा माणूस तपासायला बसेल तेव्हा हा रकाना त्याच्यापासून लपवून ठेवावा. एकदा अंदाज कानावर पडला की डोळ्यांना तेच दिसतं.

सगळी पानं झाली की अवाचनीय सह्यांकडे एकदा परत यावं. तोवर हात ओळखीचे झालेले असतात. चौदाव्या पानावर पत्ता लिहून देणाऱ्याचा "ध" बघितल्यावर बाराव्या पानावरचं कोडं सुटतं. सुटलं की खूण काढावी, पण कशामुळे सुटलं ते शेऱ्यात लिहावं.

वाचता आलेली सही म्हणजे खरी सही, असं मात्र नाही. १८४८ साली ब्रिटनमधल्या, मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने संसदेला दिलेल्या निवेदनावर सत्तावन्न लाखांच्या आसपास सह्या असल्याचा दावा होता. कारकुनांनी मोजल्या तेव्हा भरल्या १९,७५,४९६. त्यांत राणी व्हिक्टोरियाची सही होती, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचीही होती, आणि उघड थट्टेची टोपणनावंही. या सगळ्या वाचायला अगदी सोप्या! यादी करणाऱ्याने तिथे "व्हिक्टोरिया" असंच लिहायचं. ती सही धरायची की नाही हे दुसऱ्या कुणाचं काम आहे. वाचनाची खूण खरेखोटेपणासाठी वापरली, म्हणजे संशयास्पद वाटलं म्हणून [अवाचनीय] लिहिलं, की यादीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

आणि अंगठा. नाव न लिहिता नुसता अंगठा उठवलेला असेल तर पुष्कळजण तिथेही "अवाचनीय" टाकतात. मला ते पटत नाही. अंगठ्यात वाचण्यासारखं नाव नसतंच, मग ते वाचता आलं नाही असं कसं म्हणणार? तिथे [अंगठा] लिहावं, क्रमांक द्यावा आणि सही म्हणून मोजावं. शेजारी कुणी नाव लिहून दिलं असेल तर नाव, आणि शेऱ्यात "अंगठा, नाव दुसऱ्या हातचं".