पांडवलेण्यातली दोन कॅलेंडरं

परवा पुन्हा पांडवलेणी चढून आलो. लहानपणापासून कितीदा गेलोय, पण शिलालेखांतल्या तारखा नीट वाचायला लागलो ते गेल्या काही वर्षांत, आणि तेव्हापासून तो डोंगर मला वेगळाच दिसतो. एकाच डोंगरात, काही पावलांच्या अंतरावर, दोन राजवटींनी काळ दोन वेगळ्या रीतींनी मोजलाय.

दहाव्या लेण्यात पश्चिम क्षत्रप घराण्यातला राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे: वर्ष ४२, वैशाख महिना. लेणं भिक्षुसंघाला दान दिलं आणि त्याबरोबर ३००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे, कायमची ठेवली. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज. त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळायचे. हिशोब करून बघा. २००० वर महिन्याला २०, बारा महिन्यांचे २४०, आणि वीस जणांना बारा-बारा म्हणजेही २४०च. पै इकडची तिकडे नाही. म्हणजे या लेखातलं वर्ष चंद्राच्या बारा महिन्यांचं आहे. धोंड्याचा महिना आला की तेराव्या व्याजाचं काय करायचे, हे लेखात नाही, आणि मला ते दर वेळी खटकतं.

आता तिसऱ्या लेण्यात या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे संवत्सर १८, पावसाळ्याचा दुसरा पक्ष, पहिला दिवस. त्याचा मुलगा पुळुमावी याचा आहे संवत्सर १९, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस, आपल्या भाषेत चैत्र शुद्ध त्रयोदशी. इथे महिन्याचं नावच नाही! ग्रीष्म, वर्षा, हेमंत असे तीन ऋतू आणि प्रत्येकाचे आठ पंधरवडे. मला ही रीत फार आवडते, कारण तारीख वाचताच आभाळ कसं असेल ते कळतं.

पण तिच्यातली अडचणही खरी आहे. ऋतू सूर्याचे, पंधरवडे चंद्राचे. असे चोवीस पंधरवडे मिळून ३५४ दिवस होतात, आणि ऋतू फिरून यायला ३६५ लागतात. दर वर्षी अकरा दिवस कमी. नुसतं मोजत राहिलं तर सोळा-सतरा वर्षांत 'पावसाळ्याचा दुसरा पक्ष' ऐन थंडीत येईल. हिजरी वर्षात महिने असेच ऋतूंमधून फिरतात, कारण तिथे चंद्राला सूर्याशी बांधलेलंच नाही. आपल्याकडे साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा धरून बांधलंय. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. २०२६चा अधिक ज्येष्ठ घ्या. सूर्य १५ मेला वृषभेत आला, तेव्हा अमावस्या संपायची होती. पुढची अमावस्या १५ जूनला सकाळी संपली आणि सूर्य मिथुनेत गेला त्याच दिवशी, पण काही तासांनी. मधला महिना संक्रांतीविना राहिला.

दिवस-महिन्यांचा मेळ असा बसवता येतो. वर्षांच्या आकड्यांचं दुखणं वेगळं. सातवाहन राज्यवर्ष मोजायचे: राजा गादीवर बसला की एक, पुढचा बसला की पुन्हा एक. राजा जिवंत असेपर्यंत सोयीचं, पण दोन हजार वर्षांनी वाचणाऱ्याला '१८' म्हणजे कधी, हे कुठून कळावं? इथे नाशिक जिल्हाच मदतीला येतो. १९०६ साली जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे मारलेले. म्हणजे आधी नहपान, मग गौतमीपुत्र. त्यात वर्ष १८च्या लेखात गौतमीपुत्र जे शेत दान देतो, ते आधी उषवदाताकडे होतं असं स्वच्छ म्हटलंय. नहपानाचं शेवटचं ज्ञात वर्ष ४६, जुन्नरच्या लेखातलं. ते इसवी सन ७८ला सुरू झालेल्या शकाचं मानलं तर ४६ अधिक ७८, इसवी सन १२४. मग गौतमीपुत्राचं अठरावं वर्ष त्याच्या आसपास पडतं आणि तो गादीवर आला १०६च्या सुमारास.

हे सगळं त्या एका 'मानलं तर'वर उभं आहे. नहपानाची वर्षंही त्याच्या राज्याचीच होती असं म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि ते बरोबर असतील तर हे आकडे मागे सरकतात. नाण्यांवरून आधी कोण आणि नंतर कोण एवढंच ठरतं.

म्हणून 'शालिवाहनाने शक सुरू केला' असं कुणी छातीठोक सांगितलं की मला राहवत नाही. शालिवाहन म्हणजे सातवाहन धरलं, तर त्यांच्या या लेखांत शक नाहीच, स्वतःच्या गादीची वर्षं आहेत. चालू राहणारा शक वापरला तो पश्चिम क्षत्रपांनी, नहपानानंतरच्या चष्टनाच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या, आणि शालिवाहनाचं नाव त्याला कित्येक शतकांनी चिकटलं. आपण लग्नपत्रिकेत लिहितो तो आकडा त्यांच्याकडून आलेला आहे.