बारा ते तीनचा फॉरवर्ड आणि मावशीचा गीझर

«गच्चीवर सोलर असेल तर बारा ते तीन वीज एकदम फुकट!! घरचा गीझर आणि सोसायटीचा पंप दोन्ही त्याच वेळात लावा. इन्व्हर्टर १० किलोवॅटचा म्हणजे १० किलोवॅट मिळतातच. पाचशे रुपयांचा स्मार्ट प्लग लावला की काम झालं, वायरमनची गरज नाही. लाइट गेली तरी पंप चालू राहतो. सर्वांना पाठवा.»

हा मजकूर मी गेल्या महिन्यात तीन ग्रुपवर वाचून सोडून दिला होता. पण परवा कोथरूडला मावशीकडे गेलो, तर भर दुपारी एक वाजता बाथरूममधला लाल दिवा चालू. विचारलं तर म्हणाली, "अरे, सोलरच्या वेळेत तापवून ठेवते. सकाळी अंघोळीला होतं." सकाळी पाणी कोमट निघतं म्हणून सहा वाजता परत बटण दाबते, हेही तिनेच सांगितलं. म्हणजे बिल कमी व्हायचं राहिलं बाजूला, तेच पाणी दिवसातून दोनदा तापतंय. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी गीझर, कारण मूर्खपणा इथेच जास्त आहे. मावशीच्या सोसायटीच्या गच्चीवर पॅनल आहेत, खरं आहे. पण ती वीज सोसायटीच्या कॉमन मीटरला जोडलेली आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, कॅमेरे, वॉचमनची खोली, एवढंच त्या मीटरवर. मावशीचा गीझर तिच्या फ्लॅटच्या मीटरवर. तो तिने दुपारी एकला लावला काय आणि पहाटे चारला लावला काय, बिलात युनिट तेवढेच पडणार. खाली मीटरच्या खोलीत जाऊन कोणता मीटर कोणाचा हे पाहायला दोन मिनिटं लागतात. ग्रुपवरच्या एकालाही ती मिळाली नाहीत.

स्वतःच्या बंगल्यावर सोलर असलेल्यांनी जरा हिशोब करावा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं, २ किलोवॅटच्या कॉइलला अठरा-वीस मिनिटं. हे पाणी दुपारी एकपासून सकाळी सहापर्यंत, म्हणजे सतरा तास, टाकीत उभं राहतं आणि निवत जातं. किती निवतं, हे गीझरच्या स्टार लेबलवर छापलेलं असतं: पाणी भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम असताना चोवीस तासांत किती युनिट नुसती निसटतात, तो आकडा. चांगल्या, जाड आवरणाच्या गीझरमध्ये सकाळीही अंघोळीपुरतं ऊन पाणी मिळतं, हे मी मान्य करतो. मावशीचा गीझर लेबल यायच्या आधीचा असावा, त्यावर काहीच चिकटवलेलं नाही. तिथे दुपारच्या उष्णतेतला बराच भाग रात्री बाथरूमच्या भिंतीला जातो.

आता पंप. इथे फॉरवर्डवाल्याला अर्धवट का होईना, काहीतरी बरोबर ऐकू आलेलं आहे. ते अर्धवट आमच्या सोसायटीला महागात पडणार होतं, म्हणून जरा सविस्तर.

आमच्याकडे १० किलोवॅटचा प्लांट आहे आणि बाहेर दिलेली वीज वापरातून वजा करणाऱ्या नेट मीटरचं काम अजून अडकलेलं आहे. तोवर इन्व्हर्टर 'झिरो एक्स्पोर्ट'वर ठेवलाय, म्हणजे वीज बाहेर ग्रिडमध्ये जाऊ द्यायची नाही. सोसायटीला लागेल तेवढीच बनवायची, वरची बनवायचीच नाही. पंप ५ एचपीचा, चालताना साधारण ४.६ किलोवॅट ओढतो. तो वॉचमन वर्षानुवर्षं सकाळी सातला लावायचा. सातला पॅनलवर जेमतेम उजेड, त्यामुळे पंपाची जवळजवळ सगळी वीज विकतची. पंप दुपारी न्यायचा, यात वाद नाही.

पण दुपारी म्हणजे कधी? आमच्या खजिनदारांनी फॉरवर्ड वाचून इन्व्हर्टरचं ॲप उघडलं. वेळ एकची, कडक ऊन, आणि आकडा १.१ किलोवॅट. लगेच ग्रुपवर: "प्लांट बंद पडलाय, कंत्राटदाराने फसवलं." फसवलं कोणीच नव्हतं. त्या वेळी कॉमन मीटरवर मागणीच १.१ ची होती, म्हणून इन्व्हर्टर तेवढीच वीज बनवत होता. झिरो एक्स्पोर्टमध्ये ॲपवरचा 'आजची निर्मिती' हा आकडा तुमचा वापर दाखवतो. ऊन किती फुकट चाललंय, हे तो सांगत नाही.

मग उरलेली ताकद ओळखायची कशी? मी खजिनदारांसमोरच पंप लावला. मिनिटभरात तोच आकडा ५.७ झाला आणि मेन केबलवरच्या क्लॅम्पवर ग्रिडकडून येणारा करंट शून्याशी चिकटून राहिला. हीच चाचणी आम्ही फेब्रुवारीत आठवडाभर वेगवेगळ्या वेळी केली आणि वहीत लिहून ठेवली. सव्वानऊला पंप लावला तर निर्मिती ३.४ वर थांबायची, बाकीची २.३ ग्रिडकडून. साडेदहापासून पूर्ण ५.७ सोलरवर. दुपारी तीननंतर पुन्हा ग्रिडची भर. म्हणजे आमची खिडकी साडेदहा ते तीन. तिचा मध्य पावणेएकला येतो आणि ते बरोबरच आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, पुणे ७३.९ वर, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला इथे सरासरी ३५ मिनिटं उशीर होतो. फेब्रुवारीत तो आणखी थोडा वाढतो.

रोज पंप लावून पाहायची गरज नाही. आणखी एक खूण आहे आणि ती बहुतेक ॲपमध्ये दिसते: पॅनलकडचं डीसी व्होल्टेज. इन्व्हर्टर पॅनलमधून पूर्ण ताकद ओढत असतो तेव्हा आमच्याकडे ते ६८० च्या आसपास असतं. मागणी नाही म्हणून तो हात आखडता घेतो, तेव्हा तेच ७६० च्या वर चढतं. ऊन आहे आणि व्होल्टेज चढलेलं आहे, म्हणजे वीज वाया चालली आहे. मग लावा पंप. तुमच्या पॅनलांची संख्या वेगळी असेल तर आकडे वेगळे येतील, पण चढ-उतार असाच दिसेल.

यावर आपोआप चालणारी जोडणी केली तेव्हा पहिली चूक आमचीच. ग्रिडची वीज यायला लागली की पंप लगेच बंद, असं सेट केलं होतं. एका ढगाळ दुपारी पंप तासाभरात अकरा वेळा चालू-बंद झाला. ढग आला की बंद, गेला की चालू. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, त्यामुळे पंप चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट काळे पडले. आता चालू करायची अट आणि बंद करायची अट वेगळी ठेवली आहे. व्होल्टेज सलग दहा मिनिटं चढलेलं असेल तर चालू. ग्रिडकडून २ किलोवॅटपेक्षा जास्त सलग दहा मिनिटं आले तर बंद, आणि एकदा बंद झाला की अर्धा तास परत नाही. या सगळ्याच्या वर वरच्या टाकीतला खालचा फ्लोट. पाणी त्याच्या खाली गेलं की ऊन असो नसो, पंप चालू. हा फ्लोट नसेल तर सकाळी आठला चौथ्या मजल्यावरून फोन येतो आणि सोलरचं नावच घ्यायची सोय राहत नाही.

टाकीचंही तेच. दुपारी अडीचला भरलेली टाकी दुसऱ्या दिवशी साडेदहापर्यंत पुरायला हवी. आमची २५ हजार लिटरची पुरते. लहान टाकीवाल्यांना सकाळी एक फेरी विकतच्या विजेवर मारावीच लागेल.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळं गुंडाळून ठेवायचं. झाकोळलेल्या दिवशी भर दुपारीसुद्धा पॅनल २ किलोवॅटच्या आसपास रेंगाळतात, डीसी व्होल्टेज चढलेलं दिसलं तरी उरलेली ताकद पंपाला पुरत नाही. तेव्हा उन्हाची वाट पाहण्यात अर्थ नाही. टाकी मागेल तेव्हा पंप लावायचा. दिवसाला दीड तास पंप म्हणजे सात युनिट, सगळा खेळ तेवढ्याचाच आहे.

१० किलोवॅटबद्दल थोडक्यात: इन्व्हर्टरवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त देऊ शकेल तेवढी ताकद, आणि पॅनलवरचा आकडा पॅनल २५ अंशांवर असतानाचा. मे महिन्यात काच ६० च्या वर तापते आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के ताकद जाते. वर धूळ आहेच.

स्मार्ट प्लगचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. बाजारात १० अँपिअरचे प्लग सर्रास मिळतात. २ किलोवॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा तेरा. तेरा अँपिअर रोज अर्धा तास १० च्या प्लगमधून नेले तर आधी प्लास्टिकचा वास येतो, मग पिन पिवळ्या पडतात. हे दिसलं की प्लग फेकून द्या, "अजून चालतोय" म्हणू नका. गीझरला योग्य कॉन्टॅक्टर आणि टायमर लागतो, पंपाला स्टार्टर, आणि दोन्हीला तोच वायरमन, ज्याची म्हणे गरज नाही.

लाइट गेल्यावर पंप चालत नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की बॅटरी नसलेला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो.

राहता राहिला आमच्या ग्रुपवरचा दुसरा पक्ष: "नेट मीटर असेल तर कधीही वापरा, काही फरक पडत नाही." नाइलाजाने सांगतो, हे बरंचसं खरं आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार नेट मीटरवर बाहेर गेलेली युनिटं त्या महिन्याच्या वापरातून वजा होतात, उरलेली पुढच्या महिन्यात जातात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी हिशोब होतो. एकाच दराचा मीटर असेल तर सातचा पंप आणि एकचा पंप बिलात सारखेच. बिलावर वेळेनुसार वेगवेगळे रकाने छापले असतील तर मात्र दुपारचा फायदा आहे. पण तिथेही त्या रकान्याच्या वेळेत राहिलं की झालं, व्होल्टेज बघत बसायला नको. माझी वरची सगळी खटपट झिरो एक्स्पोर्टवाल्यांसाठी आहे, आणि आमचं नेट मीटर लागलं की त्यातली बरीचशी मीच काढून टाकणार आहे. फ्लोट तेवढा ठेवीन.

मावशीला खाली नेऊन तिचा मीटर दाखवला. दुपारचा गीझर बंद झालाय. तो फॉरवर्ड मात्र तिने आधीच भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला आहे.