गालावरची टिचकी आणि थायरॉइडचा दुसरा दिवस

«नर्सिंग एक्झाम शॉर्टकट: गालावर टिचकी मारा, ओठ हलला नाही म्हणजे कॅल्शियम नॉर्मल. ट्रूसोसाठी कफ डायस्टॉलिकच्या थोडा वर, १ मिनिट. हात आखडला की कॅल्शियम ग्लुकोनेटचं अ‍ॅम्प्यूल लगेच पुश. कॅल्शियम वाढलेलं असेल तर बेडरेस्ट आणि लॅसिक्स.»

नागपुरातल्या माझ्या विद्यार्थिनींच्या तीन वेगवेगळ्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि तिन्हीकडे त्याला अंगठे मिळाले. मी वीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढून आता शिकवते, म्हणून एक पेशंट सांगते आणि तिच्याच आधारे एकेक ओळ घेते.

काटोलकडच्या एक काकू होत्या, चाळिशीच्या आतबाहेर. गलगंडासाठी त्यांची पूर्ण थायरॉइड काढली होती. ऑपरेशनला तीसेक तास झाले होते. सकाळच्या ड्युटीच्या मुलीला त्या म्हणाल्या, “सिस्टर, तोंडाभोवती मुंग्या येऊन राहिल्या न.” मुलगी हुशार होती. तिने कानाच्या पुढे, गालाच्या हाडाखाली, चेहऱ्याची नस जिथून जाते तिथे बोटाने ठोकलं. ओठाचा कोपरा हलला नाही. तिने चार्टवर लिहिलं: च्वोस्टेक निगेटिव्ह, पेशंट स्टेबल.

पहिली ओळ इथेच पडते. कॅल्शियम खरोखर कमी असलेल्या पेशंटपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्यात ही टिचकी काहीच दाखवत नाही. उलट धडधाकट माणसांपैकी दहातल्या एखाद्याचा ओठ तरी हलतोच. तुमच्याच बॅचमध्ये करून पाहा, कोणीतरी सापडेल. त्यामुळे टिचकी निगेटिव्ह आली तर तेवढ्यावरून काही ठरत नाही. ठरवायचं होतं ते काकूंच्या शब्दांवरून. थायरॉइडच्या पाठीमागे मसुराएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागला किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला, तर कॅल्शियम साधारण पहिल्या ते तिसऱ्या दिवसात घसरतं. घसरण्याची पहिली वर्दी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन मिळते. तीस तासांवर मुंग्या म्हणजे कॅल्शियम कमी आहे असंच धरायचं, रिपोर्ट हातात येईपर्यंत.

एक गोष्ट मुलींना नेहमी उलटी वाटते. कॅल्शियम कमी झालं तर स्नायू ढिले पडायला हवेत ना, असं त्या विचारतात. नाही. नसेबाहेर कॅल्शियम असतं तेव्हा नस आवरलेली राहते. ते कमी झालं की नस भित्री होते, जरा स्पर्श झाला तरी दचकते, म्हणून स्नायू आखडतात. कॅल्शियम वाढलं की नस सुस्तावते आणि स्नायू ढिले पडतात.

आता कफ. दुपारी मी ड्युटीवर आले तेव्हा काकूंच्या हातातला चहाचा कप बशीवर खडखडत होता. “धरताच येऊन नाही राहिला,” त्या म्हणाल्या. बीपी ११८/७६ होतं. मेसेजप्रमाणे ८०-८५ वर कफ ठेवला असता तर धमनी चालूच राहिली असती, फक्त शिरा दबल्या असत्या. ट्रूसोमध्ये रक्तपुरवठा खरोखर अडवायचा असतो, कारण उपाशी पडलेली नस आणखी दचकते. म्हणून कफ सिस्टॉलिकच्या २० वर, म्हणजे इथे १४० च्या आसपास न्यायचा आणि ३ मिनिटं धरायचा. मॉनिटरचा आपोआप चालणारा कफ यासाठी नको, तो मध्येच हवा सोडतो. हाताने फुगवायचा कफ घ्या, आणि सलाईन असलेला हात सोडून दुसरा.

पहिलं मिनिट काहीच झालं नाही. मेसेजवाल्याने इथेच कफ सोडून निगेटिव्ह लिहिलं असतं. दुसरं मिनिट संपत आलं तसं मनगट आत वळलं, बोटं मुळाशी वाकली पण पुढे सरळ आणि एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळहातात गेला. सुईण हात आत घालताना बोटं जशी जुळवते, हुबेहूब तसा. हे दिसलं की कफ लगेच सोडायचा, तीन मिनिटं पुरी करायची नाहीत. ते दुखतं.

हात पाहून काकू घाबरल्या आणि भराभर श्वास घ्यायला लागल्या. हेही सांभाळावं लागतं. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्त अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम प्रथिनांना चिकटतं आणि आखडणं वाढतं. त्यांना अर्धवट बसतं केलं, माझ्याबरोबर सावकाश श्वास घ्यायला लावला, आणि नाव विचारलं. नाव विचारण्याचं कारण त्यांचा आवाज ऐकणं. आवाज घोगरा झालाय का, श्वास घेताना शिट्टी वाजते का, हे आधी. स्वरयंत्राचा स्नायू आखडला तर पेशंट त्यानेच जाते. थायरॉइडच्या पेशंटच्या उशाशी ऑक्सिजन, सक्शन आणि ट्रेकिऑस्टॉमीचा ट्रे यासाठीच असतो. मी पेशंटजवळ थांबले आणि डॉक्टरांना बोलवायला मुलीला पाठवलं.

मग ते अ‍ॅम्प्यूल. औषध बरोबर, पद्धत घातक. डॉक्टरांची ऑर्डर होती: १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५० मिलीत, १० ते २० मिनिटांत, मॉनिटरवर. झटक्यात ढकललं तर नाडी मंदावते, ठोका चुकतो, हृदय बंदही पडू शकतं. पेशंट डिजॉक्सिनवर असेल तर धोका आणखी वाढतो, ते आधी विचारायचं. शीर मोठी आणि चालू आहे ना, हेही बघायचं, कारण औषध बाहेर गेलं तर कातडी जळते. ते स्नायूत किंवा कातडीखाली द्यायचंच नाही.

आमच्याकडे मात्र वेगळाच गोंधळ होता. त्याच लाइनमधून सेफ्ट्रायॅक्सोन चालू होतं. कॅल्शियमबरोबर ते मिसळलं की दाणे धरतं. बायकार्ब आणि फॉस्फेटचंही तेच. मी दुसरी शीर घेतली, औषध सुरू करण्याआधी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्ब्युमिनचं रक्त काढलं, आणि ईसीजीवर लांबलेला क्यूटी डॉक्टरांना दाखवला.

रिपोर्टमध्ये कॅल्शियम ७.२ होतं, अल्ब्युमिन ३.२. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. इथे ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४, बेरीज ७.८४. नॉर्मल ८.५ ते १०.५. म्हणजे सुधारूनही कमीच. मॅग्नेशियमही कमी निघालं, आणि ते भरल्याशिवाय कॅल्शियम टिकत नाही, कारण मॅग्नेशियम नसेल तर पॅराथायरॉइड हॉर्मोन नीट सुटत नाही. एकदा औषध देऊनही मुंग्या परत आल्या तर ऑर्डर वाढवून मागण्याआधी हा आकडा बघा.

उरली शेवटची ओळ. वाढलेल्या कॅल्शियमचं पेशंट बघा: सुस्त, गोंधळलेलं, शौचाला कडक, वारंवार लघवी आणि घशाला कोरड. ते आधीच सुकलेलं असतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर आणखी. त्याला आल्याआल्या लॅसिक्स दिलं तर उरलंसुरलं पाणी जातं आणि मूत्रपिंड कॅल्शियम आणखी कमी बाहेर टाकतं. आधी नॉर्मल सलाईन. लॅसिक्स नंतर, तेही पाणी जास्त होऊन छातीत साचायला लागलं तर. बेडरेस्टही उलटाच, कारण पडून राहिलं की हाडांतून आणखी कॅल्शियम सुटतं. पेशंट ढिलं असतं, म्हणून धरून चालवायचं, पण चालवायचं. पेपरात एकाच प्रश्नाला फ्युरोसेमाइड, म्हणजे हेच लॅसिक्स, आणि सलाईन असे दोन्ही पर्याय दिसले, तर पेशंटची जीभ कोरडी आहे का, हे प्रश्नात कुठे लिहिलंय ते आधी शोधा.