तेरीज जुळली, तरी नोंद चुकलेली असू शकते

वाचकांची प्रतिक्रिया: सर, सावद्याच्या केळी व्यापाऱ्याच्या उदाहरणात आपण उगाच कीस पाडला आहे. वजनकाटा १८,००० रुपयांना उधारीवर घेतला, तो जळगावहून आणायला ६०० रुपये गाडीभाडे रोख दिले. मी खरेदी खाते आणि गाडीभाडे खाते नावे टाकले. तेरीज जुळली. मग नोंद चुकली असे आपण कशाच्या आधारावर म्हणता?

उत्तर: तेरीज जुळणारच होती. आपण नावे बाजूला दोन खात्यांवर मिळून १८,६०० लिहिले, जमा बाजूला काटेविक्रेत्याचे १८,००० आणि रोखीचे ६०० लिहिले. तेरीज बेरजा पाहते. रक्कम खतावणीच्या कोणत्या पानावर बसली, हे तिला कळत नाही. खरेदी खात्याऐवजी आपण घरखर्च खाते नावे टाकले असते, तरी ती तितकीच निमूटपणे जुळली असती.

आपल्या जमा बाजूत मला काही खोट दिसत नाही. काटा देणारा विक्रेता असल्याने त्याचे खाते जमा होते, आणि भाड्याचे पैसे गल्ल्यातून गेले म्हणून रोख खाते जमा होते. घोळ नावे बाजूला आहे, आणि तो ‘खरेदी’ या शब्दामुळे झाला आहे. बोलताना आपण काटाही खरेदी करतो आणि केळीही. पण वह्यांमध्ये खरेदी खात्यावर तेवढेच जाते, जे पुन्हा विकण्यासाठी घेतलेले असते. सावद्याचा व्यापारी केळी विकतो, काटा विकत नाही. हाच काटा जळगावच्या विक्रेत्याने कारखान्याकडून घेतला असता, तर त्याच्या वहीत तो खरेदी खात्यावरच नावे पडला असता. म्हणून वस्तूचे नाव पाहून खाते ठरवता येत नाही, ती या धंद्यात कशासाठी आली हे विचारावे लागते.

गाडीभाड्याचेही तसेच. केळीच्या गाडीचे भाडे हा खर्च आहे, परंतु काटा पहिल्यांदा जागेवर आणून वापरण्याजोगा करण्यासाठी जे द्यावे लागले, ते काट्याच्याच किमतीत मिळते. (पुढे दरवर्षी फेरपडताळणीची जी फी भराल, ती मात्र खर्चातच टाकायची.) म्हणून जीएसटी बाजूला ठेवून नोंद अशी होते:

वजनकाटा खाते … नावे १८,६००
  काटेविक्रेत्याच्या खात्याला … १८,०००
  रोख खात्याला … ६००
(काटा उधारीवर घेतल्याबद्दल व तो आणण्याचे भाडे रोख दिल्याबद्दल)

एवढ्याने काय बिघडते, ते आकड्यांतच पाहू. घसारा सरळ पद्धतीने वर्षाला १० टक्के धरला आणि काटा वर्षाच्या आरंभी आला असे मानले, तर योग्य नोंदीने त्या वर्षी नफ्यातून १,८६० रुपये जातात आणि ताळेबंदात १६,७४० रुपयांचा काटा दिसतो. आपल्या नोंदीने पूर्ण १८,६०० नफ्यातून जातात, म्हणजे नफा १६,७४० रुपयांनी कमी दिसतो, आणि दुकानात रोज वापरला जाणारा काटा ताळेबंदात कुठेच नसतो.

अशी चूक सापडते कशी, हा खरा अवघड भाग आहे. उधारीचा व्यवहार चुकून रोख खात्यावर जमा झाला, तर गल्ला मोजताच शिल्लक वहीपेक्षा जास्त भरते आणि चूक त्याच संध्याकाळी उघडी पडते. विक्रेत्याची रक्कम चुकली, तर त्याच्या उताऱ्याशी ताळा करताना कळते. संपत्ती खरेदीत गेली, तर यांपैकी काहीच बोलत नाही. मी हिशेबाचे काम नव्याने करू लागलो, तेव्हा एका धान्य व्यापाऱ्याच्या वहीत छतपंख्यांचे बिल खरेदीत टाकून बसलो होतो. वर्षअखेरीस मालकांनी खरेदीच्या रकमेला क्विंटलने भागले, सरासरी भाव बाजारात कधी नव्हता इतका आला, आणि त्यांनी मला शांतपणे विचारले, “भाऊ, ज्वारी इतकी महाग कधी झाली?” तेव्हापासून मी खरेदी खात्याचे पान एकदा बिलांसह वाचतो, आणि जिथे क्विंटल किंवा नग विक्रीच्या मालाचे नाहीत, तिथे थांबतो.

आपली नोंद पुसू नका, खाडाखोडही नको. वर्षाची खाती बंद झाली नसतील, तर वजनकाटा खाते १८,६०० ने नावे टाकून खरेदी खात्याला १८,००० आणि गाडीभाडे खात्याला ६०० जमा द्या. विक्रेता आणि रोख यांना हात लावायचे कारण नाही, कारण ते मुळात बरोबरच आहेत. खाती बंद झाली असतील, तर खरेदी आणि गाडीभाडे ही खाती शिल्लक उरलेलीच नसतात; त्यांचा भार नफ्यातून मालकाच्या भांडवलावर गेलेला असतो. एकट्या मालकाच्या धंद्यात मग वजनकाटा खाते नावे आणि भांडवल खाते जमा करावे लागते, आणि मधल्या वर्षाचा राहिलेला घसाराही त्याच वेळी वळता करावा लागतो.