झालेलं काम, संग्रह आणि पुसणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

*"सोसायटीच्या ट्रेलो बोर्डावरचं एकही झालेलं काम पुसू नका म्हणता. आमच्या बोर्डावर 600 कार्डं साठलीत, चालू काम कुठलं तेच सापडत नाही. काम झालं, बिल दिलं, विषय संपला. जपून काय लोणचं घालायचंय? आणि काय ठेवायचं ते सेक्रेटरी ठरवेल, सही त्याचीच असते. सोसायटीची सरकारी कचेरी करू नका."*

नमस्कार. लोणच्याचं आधी मान्य करतो. 'एकही पुसू नका' हे मी मागच्या लेखात तावातावात लिहिलं होतं आणि ते चूक आहे. पण तुमची 600 कार्डं डोळ्यांसमोर येतात याला कारण ती पुसली नाहीत हे नाही, ती संग्रहात टाकली नाहीत हे आहे. ट्रेलो या कामांच्या नोंदींच्या ॲपात 'झालं' या यादीत कार्ड ओढून ठेवलं की ते तिथेच पडून राहतं. तेच 'आर्काइव्ह' केलं तर बोर्डावरून जातं, पण कार्डावरचं बोलणं, फोटो, तारखा सगळं जागेवर राहतं. लागलं तर शोधखिडकीत असं टाकायचं:

```
is:archived गच्ची
```

सापडलेलं कार्ड एका टिचकीत परत बोर्डावर आणता येतं. पुसलेलं कार्ड मात्र परत येत नाही. ट्रेलोत त्यासाठी कचरापेटी नाही. आणि आधी संग्रहात टाकल्याशिवाय ते कार्ड पुसताच येत नाही.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो, म्हणजे मी तावातावात का लिहिलं ते कळेल. 2019 च्या जूनमध्ये आम्ही गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. जुना कोबा उखडला, विटांच्या तुकड्यांचा नवा घातला, कठड्याला वाटा मारून घेतल्या, दोन दिवस पाणी तुंबवून खालचं छत कोरडं राहतंय का ते पाहिलं. ठेकेदारानं 7 वर्षांची गॅरंटी दिली, म्हणजे 2026 पर्यंत. कागदावर एक अट होती : गच्चीला भोकं पाडली तर गॅरंटी रद्द. 2021 मध्ये दोन सभासदांनी सौर बंब बसवले. तेव्हा स्टँड बोल्टनं न ठोकता सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवले. ठेकेदाराला बोलावून दाखवलं, त्यानं 'चालेल' म्हटलं, आणि हे सगळं फोटोंसकट त्या बंबाच्या कार्डावर होतं.

2023 मध्ये नवे सेक्रेटरी आले. माणूस टापटिपीचा. एका रविवारी बसून त्यांनी दोन वर्षांपेक्षा जुनी, संग्रहातली सगळी कार्डं पुसून टाकली. बोर्ड कसा स्वच्छ झाला म्हणून ग्रुपवर अंगठेही मिळाले, त्यातला एक माझा.

2024 च्या जुलैत वरच्या मजल्यावरच्या एका घरात छताला ओल आली. ठेकेदार आला, सौर बंबांकडे बोट दाखवून म्हणाला, 'भोकं पाडलीत, गॅरंटी संपली.' गॅरंटीचा कागद फाइलमध्ये होता. गॅरंटी शाबूत असल्याचा पुरावा मात्र बंबाच्या कार्डावर होता, आणि ते कार्ड गेलेलं. बोर्डाच्या नोंदीत शिल्लक काय, तर अमुक सदस्यानं अमुक क्रमांकाचं कार्ड पुसलं. कार्डाचं नावसुद्धा नाही. शेवटी बंब बसवणाऱ्या प्लंबरच्या जुन्या फोनमध्ये दोन फोटो मिळाले. ठोकळे दिसले, पण 'चालेल' हा शब्द फोटोत कसा दिसणार? मजुरी ठेकेदाराची, माल आमचा, असं मिटलं.

यात सेक्रेटरींना दोष द्यावासा वाटत नाही. 2021 मध्ये ते समितीत नव्हते. 'सौर बंब बसवणे' हे शीर्षक वाचून त्यांना दिसलं एक संपलेलं काम. गच्चीच्या गॅरंटीशी त्याचं नातं आहे हे फक्त कार्ड बंद करणाऱ्या माणसाला माहीत होतं, आणि त्यानं ते कुठेच लिहिलं नव्हतं. तो माणूस मीच.

तुम्ही कचेरी म्हणालात म्हणून सांगतो. माझे सासरे जिल्हा परिषदेत लिपिक होते. त्यांच्याकडे प्रकरण संपलं की नस्ती बंद करतानाच तिच्यावर अक्षर पडायचं : अ म्हणजे कायम, ब 30 वर्षं, क 10, क-1 पाच, ड एक वर्ष. कचेरीच्या बाकी शंभर गोष्टी मला नकोत, पण ही एक मी उचलली. किती ठेवायचं हे साफसफाईच्या दिवशी ठरत नाही, काम बंद करताना ठरतं, आणि ज्यानं ते काम हाताळलं तोच ते सुचवतो.

आम्ही अक्षरांऐवजी साल लिहितो. कार्ड बंद करताना 'ठेवा 2029' असं लेबल लावायचं. ते साल असं निघतं : गॅरंटी संपते ते वर्ष, अधिक 3. करारमोडीच्या दिवाणी दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, ग्राहक आयोगात 2, म्हणून मोठा आकडा धरतो. गच्चीचं 2026 अधिक 3, म्हणजे 2029. गच्चीला हात लावणारं प्रत्येक काम, बंब असो की केबलवाल्याची तार, गच्चीचंच साल घेतं. नळाचा वॉशर, जिन्यातला बल्ब यांना एक वर्ष पुरे. चुकून दोनदा केलेलं कार्ड आजच उडवा, त्यात जपण्यासारखं काही नाही. स्ट्रक्चरल ऑडिट आणि त्यावरून केलेली दुरुस्ती मात्र कायम, कारण पुढचा ऑडिटवाला पहिल्यांदा तेच मागतो.

काही गोष्टी ठेवणंच चूक आहे, हे माझ्या लेखात अजिबात नव्हतं. भाडेकरूच्या पोलीस पडताळणीसाठी कार्डावर आधारकार्डाचा फोटो चढवला असेल, तर काम झालं त्या दिवशी फोटो पुसा. 'पडताळणी झाली' एवढी ओळ आणि तारीख राहू द्या. शेजाऱ्यांच्या भांडणातल्या घरगुती तपशिलांचंही तसंच. पूर्ण कार्ड न पुसता त्यातली एक गोष्ट पुसता येते, हे बरेच जण विसरतात.

राहिला सेक्रेटरींचा अधिकार. ट्रेलोत बोर्डाचा साधा सदस्यही संग्रहातलं कार्ड पुसू शकतो, त्यामुळे कुलूप तिथे नाही, ते इतिवृत्तातच घालावं लागतं. आमच्याकडे एप्रिलच्या समिती बैठकीत साल उलटून गेलेल्या कार्डांची यादी येते. एखादं कार्ड का ठेवायचं हे कुणी सांगितलं तर ते एक वर्ष पुढे जातं, उरलेल्यांचा ठराव होतो, मग सेक्रेटरी आणि आणखी एक जण बसून ती पुसतात. ज्या कामावरून वाद चालू आहे, त्याला सालाचा नियमच लागू नाही. आणि 'आधी जेसन फाइल, म्हणजे बोर्डाच्या नोंदींची प्रत, उतरवून घेतली होती' या भरवशावर राहू नका. त्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत, नुसते दुवे येतात, आणि कार्ड पुसलं की तेही मेले.

तुमच्या 600 कार्डांवर आता बसून लेबलं लावा असं सांगणार नाही, दोन महिने जातील आणि घरचे बोलतील. 'झालं' यादीच्या मेनूत सगळी कार्डं एकदम संग्रहात टाकायची सोय आहे, ती आज वापरा. संध्याकाळी गॅरंटीच्या कागदांची फाइल घेऊन बसा आणि तेवढ्याच कामांची कार्डं शोधून त्यांना साल द्या. आमच्याकडे असे कागद अकराच निघाले. ओलीच्या त्या कोपऱ्याला ठेकेदारानं 2027 पर्यंत नवी गॅरंटी दिली आहे, आणि सहखजिनदारांनी कार्ड बंद करताना न विचारता 'ठेवा 2030' लावलं.