चुकीचे पर्याय मुलांच्या वहीतूनच यायला हवेत

“रिकाम्या जागांची वर्कशीट हाताशी असेल तर बहुपर्यायी चाचणी पाच मिनिटांत तयार होते. बरोबर उत्तर आपल्याकडे असतंच, उरलेल्या तीन जागी त्याच धड्यातले कुठलेही शब्द घाला. काही सुचलं नाही तर चौथा पर्याय ‘वरीलपैकी नाही’. मुलांच्या चुका मात्र पर्यायांत कधीच छापू नका, मुलं त्याच पाठ करतात. बाकी वर्कशीट काय आणि चाचणी काय, निकाल सारखाच लागतो. सर्व शिक्षकांपर्यंत पोहोचवा.”

इंदूरमध्ये मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींच्या गटांवर सध्या हा निरोप फिरतो आहे. तो तसाच मानला तर सगळ्यात जास्त नुकसान आपल्या मुलांचं होईल. घरी मराठी, आणि शाळेत, गल्लीत, सराफ्यात दिवसभर हिंदी, असं या मुलांचं असतं. त्यांच्या मराठीतल्या चुका वाटेल तशा होत नाहीत, त्यांना ठरलेलं वळण असतं. ते वळण ओळखता आलं तर काय शिकवायचं ते कळतं, म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलते.

आधी ‘धड्यातले कुठलेही शब्द’. वर्कशीटमधली एक साधी जागा घ्या: “दादा ______ गेला. (शाळा)”. निरोपाप्रमाणे पर्याय होतील शाळेत, फळा, खडू, घंटा. हा प्रश्न मराठीचं व्याकरण अजिबात न येणारं मूलसुद्धा सोडवेल. दादा खडू गेला, घंटा गेला, हे अर्थानेच बाद होतं. वर्गातल्या सगळ्यांना पूर्ण गुण मिळतील आणि कोणाला काय येत नाही याचा पत्ता लागणार नाही.

आता हीच जागा पर्यायांशिवाय मुलांना भरायला द्या. त्यांनी जे लिहिलं ते न सुधारता, जसंच्या तसं एका कागदावर उतरवून घ्या. समजा, वीस मुलांच्या वर्गात अकरा जणांनी ‘शाळेत’ लिहिलं, पाच जणांनी ‘शाळात’, तिघांनी नुसतं ‘शाळा’ आणि एकाने ‘शाळेला’. पर्याय या कागदावर आयते मिळतात, फक्त ते वाचता यायला हवेत.

‘शाळात’ लिहिणाऱ्या मुलाला ‘त’ लावायचा असतो हे माहीत आहे. घर-घरात, गाव-गावात हे त्याच्या तोंडात बसलेलं आहे, आणि त्याच चालीवर त्याने शाळा-शाळात केलं. प्रत्ययाआधी शब्दाचं रूप बदलतं, म्हणजे ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो, ते त्याचं कच्चं आहे. नुसतं ‘शाळा’ लिहिणाऱ्याची अडचण वेगळी. त्याच्या मनात ‘भैया स्कूल गया’ हे वाक्य आहे आणि तिथे प्रत्यय लागतच नाही. पहिल्याला शाळा-शाळेत, बाग-बागेत, वही-वहीत अशा जोड्यांचा सराव हवा. दुसऱ्याला आधी ‘कुठे गेला?’ या प्रश्नाचं उत्तर मराठीत कसं देतात तेच ऐकवायला हवं. दोघांच्या वहीत लाल फुली एकच, पण उपाय निराळे.

राहिलं ‘शाळेला’. ते बरोबरच आहे, ‘शाळेला जातो’ आपण सगळेच म्हणतो. म्हणून ते चुकीचा पर्याय म्हणून छापायचं नाही. वर्कशीट तपासताना असं उत्तर डोळ्यांसमोर असतं आणि आपण त्याला गुण देतो. चाचणीत ते चुकीच्या रांगेत गेलं की बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाचे गुण आपणच कापतो. रूपांतर करताना सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. ती टाळायची तर प्रत्येक चुकीचा पर्याय जागेवर ठेवून वाक्य मोठ्याने वाचावं, आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्या माणसालाही ऐकवावं. ‘म्या आंबा खाल्ला’ हे काही घरांमध्ये अजून बोललं जातं. आजीच्या तोंडचं रूप पोराच्या पेपरात चूक म्हणून छापू नये, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा प्रश्न झाला: “दादा ______ गेला.” पर्याय: शाळा, शाळात, शाळेत. तीनच, आणि पुरे. चौथा हवाच म्हणून ‘शाळेने’ घातलं तर ते कोणी निवडणार नाही, कारण कागदावर कोणीच लिहिलेलं नव्हतं. चाचण्यांच्या अभ्यासात शंभरातल्या पाचजणांनीही न निवडलेला पर्याय निकामी धरण्याची पद्धत आहे. वीस मुलांच्या वर्गात याचा अर्थ एकाही मुलाने न निवडलेला. पर्यायांच्या संख्येवर ऐंशी वर्षांत झालेलं संशोधन मायकेल रॉड्रिगेझ यांनी २००५ साली एकत्र तपासलं, आणि बहुतेक वेळा तीन पर्याय पुरेसे असतात असा निष्कर्ष काढला. अंदाजपंचे उत्तर बरोबर यायची शक्यता चारात एकाऐवजी तिनात एक होते, हे खरं. त्यावर तोडगा आहे, तो पुढे सांगते.

‘वरीलपैकी नाही’बद्दल फार बोलायला नको. ते उत्तर बरोबर ठरणारा प्रश्न काढला तर मुलाने समोरची रूपं नाकारली एवढंच कळतं, त्याला योग्य रूप येतं का ते कळत नाही. आणि ते नुसतं जागा भरायला घातलं असेल तर त्यातून कुठलीच चूक हाती लागत नाही.

चुका छापायच्या की नाही, हा निरोपातला सगळ्यात गंभीर मुद्दा आहे. त्यात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. बहुपर्यायी चाचणी दिल्यानंतर त्यांना तेच प्रश्न पर्यायांशिवाय विचारले, तेव्हा चाचणीतले काही चुकीचे पर्याय उत्तरं म्हणून परत आले, आणि पर्याय जितके जास्त तितके हे जास्त झालं. पण त्याच प्रयोगात चाचणी दिल्याने एकंदर आठवण सुधारलीही होती. पुढे २००८ मध्ये अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांनी दाखवलं, की चाचणीनंतर बरोबर उत्तर सांगितलं तर चुकीचे पर्याय डोक्यात राहण्याचं प्रमाण कमी होतं. हे प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांवरचे आहेत, आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचे नव्हेत. तरी त्यातून करायचं काय ते स्पष्ट आहे: पर्याय तीनच ठेवावेत आणि उत्तरं त्याच तासाला सांगावीत. पेपर घरी नेऊन पुढच्या रविवारी परत द्यायचे असतील तर ‘शाळात’ मुलाच्या डोक्यात आठवडाभर मुक्काम करणार.

शुद्धलेखनाच्या बाबतीत मात्र मी निरोपाच्या बाजूची आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या रिकाम्या जागा बहुपर्यायी करूच नयेत. चुकीचं लिहिलेलं रूप नुसतं वाचण्यात आलं तरी पुढे आपलं लेखन बिघडतं, हे १९९० मध्येच प्रयोगातून दिसलं आहे. ‘विद्यार्थी’ची चार रूपं एकाखाली एक छापण्यापेक्षा श्रुतलेखन घ्यावं.

शेवटचं वाक्य निकालाचं. ते दोन कारणांनी टिकत नाही. पहिलं म्हणजे, वर्कशीटचं वाक्य जसंच्या तसं उचललं की तेच उत्तर फोडतं. “हे ______ पुस्तक आहे. (मी)” यात मुलं ‘माझी’ लिहितात, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. पण पर्याय समोर आले की ‘हे’ वाचून हुशार मूल ‘माझं’वर बोट ठेवतं. पुस्तकाचं लिंग त्याला ठाऊक असायची गरजच पडत नाही. वाक्य बदलून “टेबलावर ______ पुस्तक आहे” केलं की ती वाट बंद होते, कारण ‘आहे’ तिन्ही लिंगांना सारखंच. पर्याय: माझा, माझी, माझं. ‘माझे’ घालायचं नाही, तेही बरोबर आहे.

भूतकाळाच्या जागांमध्ये आणखी एक खोच आहे. “मी काल आंबा ______. (खाणे)” या जागी मुलगे ‘खाल्लो’ लिहितात आणि मुली ‘खाल्ले’. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ यांच्या चालीवर क्रियापद स्वतःशी जुळवायची ही एकच चूक आहे, पण कागदावर तिची दोन रूपं दिसतात. एकच रूप छापलं तर अर्धा वर्ग त्या पर्यायाकडे बघणारही नाही. म्हणून बोलणारा वाक्यातच ठरवून द्यावा: “ओंकार म्हणाला, ‘मी काल आंबा ______.’” पर्याय: खाल्लो, खाया, खाल्ला. इथे ‘खाया’ निवडणाऱ्याला मराठी रूपच माहीत नाही. ‘खाल्लो’वाल्याला रूप माहीत आहे, क्रियापद आंब्याशी जुळतं हे माहीत नाही. या गटात ‘पिणे’ घेऊ नका, कारण ‘मी पाणी प्यालो’ हे शुद्ध मराठी आहे आणि नियम शिकणारं मूल तिथे उगाच गोंधळेल.

दुसरं कारण असं, की समोरच्या तिनांतून ओळखणं आणि मनातून काढून लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. चाचणीत ‘खाल्ला’वर खूण करणारं मूल मधल्या सुट्टीत ‘मीने आंबा खाया’ म्हणू शकतं. दहा प्रश्नांच्या चाचणीत दोन-तीन जागा पर्यायांशिवाय ठेवाव्यात असं मी म्हणते, ते यासाठी.

आता अंदाजाने दिलेल्या उत्तरांचा तोडगा. एकाच वळणाच्या चुकीवर तीन प्रश्न काढून ते पेपरात विखरून टाकायचे. आंबा ‘खाल्लो’, पत्र ‘लिहिलो’, चित्र ‘काढलो’. नुसत्या अंदाजाने तिन्ही ठिकाणी हीच चूक निवडली जाण्याची शक्यता सत्तावीसात एक. म्हणजे एखाद्या मुलाच्या पेपरात तिन्ही जागी ती दिसली तर तो अंदाज नाही, त्याच्या डोक्यातला नियम आहे, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. एकाच ठिकाणी दिसली तर त्या मुलाला बोलावून “हे का निवडलंस?” एवढं विचारावं.

तपासून झाल्यावर गुणांची बेरीज करण्याआधी कोणता पर्याय किती जणांनी निवडला ते मोजावं. ज्याच्याकडे कोणीच फिरकलं नाही तो पुढच्या वेळी काढून टाकायचा. एखाद्या चुकीच्या पर्यायावर नेहमी चांगलं लिहिणारी मुलंच जास्त गेली असतील, तर बहुतेक वेळा दोष प्रश्नात असतो: तो पर्यायही बरोबर निघतो, नाहीतर वाक्याचे दोन अर्थ होतात. अशा प्रश्नाचे गुण सगळ्यांना द्यावेत आणि वाक्य नव्याने लिहावं.